जुना खेळ, नवा पडदा आणि एक साधा भागाकार

‘डायब्लो २’ हा खेळ २००० साली आला. त्यातली पात्रं आधी त्रिमितीत घडवून मग सपाट चित्रांत उतरवलेली होती, आणि सगळा खेळ ६४० आडव्या आणि ४८० उभ्या ठिपक्यांत मावायचा. पुढच्या वर्षी आलेल्या विस्तारित आवृत्तीने ८०० × ६०० ची सोय केली. आज हाच खेळ १९२० × १०८० च्या मॉनिटरवर लावला तर पडदा भरतो खरा, पण अक्षरं पुसट दिसतात, चिलखताच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि बऱ्याचदा पात्रं आडवी फुगलेली असतात. ‘जुना खेळ आहे, असाच दिसणार’ असं म्हणून बहुतेक जण तिथेच सोडून देतात. ही समजूत चुकीची आहे. खेळ आजही तेच ६४० × ४८० ठिपके जसेच्या तसे बाहेर पाठवतो. ते खेळाकडून निघून पडद्यावर पोचेपर्यंत वाटेत कोणीतरी मोठे करतं, आणि सगळी खराबी त्या मोठं करण्यात होते.

जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला ही अडचण नव्हती. त्याच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत ओळी आखत जायचा. खेळाने ४८० ओळी पाठवल्या तर तो ४८० आखायचा, ६०० पाठवल्या तर ६००, आणि दोन्ही वेळा चित्र तेवढ्याच काचेवर पसरायचं. ‘माझ्यात इतकेच ठिपके आहेत’ असं त्या यंत्राचं म्हणणंच नव्हतं. आजच्या सपाट पडद्यावर मात्र ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. १०८० ओळींच्या पडद्यावर १०८० च ओळी. त्यावर ४८० ओळींचं चित्र पसरायचं म्हणजे १०८० ला ४८० ने भागायचं, आणि उत्तर येतं सव्वादोन.

सगळा घोळ या पावात आहे. चौकटीच्या वहीत एक चित्र आहे आणि ते सव्वादोन पट मोठं करून दुसऱ्या चौकटीच्या वहीत उतरवायचं आहे, पण चौकट अर्धी रंगवायची नाही, असा नियम आहे असं समजा. मग दोनच मार्ग उरतात. पहिला म्हणजे तीन ठिपक्यांना दोन-दोन चौकटी द्यायच्या आणि चौथ्याला तीन. असं केलं की प्रत्येक चौकट शुद्ध रंगाची राहते, पण एकाच जाडीच्या दोन रेघांपैकी एक बारीक आणि एक जाड दिसते. दृश्य सरकू लागलं की ही जाड रेघ चित्रभर फिरते आणि जमीन थरथरल्यासारखी वाटते. दुसरा मार्ग म्हणजे सीमेवरच्या चौकटीत दोन्ही शेजाऱ्यांचा रंग मिसळून भरायचा. मग थरथर जाते, पण काळ्या अक्षराच्या कडेला राखाडी पट्टा येतो. बहुतेक मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डं हा दुसरा मार्ग धरतात. आपल्याला जे धूसर दिसतं ते हेच.

हे मोठं करण्याचं काम कोण करतं यावरून पर्याय ठरतात. पहिला पर्याय मॉनिटर. कार्ड ६४० × ४८० चा सिग्नल तसाच केबलमधून पाठवतं आणि मॉनिटरमधली छोटी चिप तो ताणते. ती चिप नेमकं काय करते हे त्या मॉनिटरच्या कंपनीने ठरवलेलं असतं, आपल्या हाती फार काही नसतं. काही मॉनिटर बटणांच्या मेनूत चित्राचं प्रमाण राखण्याची सोय देतात, काही ४:३ चं चित्र मुकाट्याने १६:९ मध्ये ताणतात आणि गोल चाकं लंबगोल करून टाकतात. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. भागाकार बिनबाकीचा आला तरी चिप रंग मिसळायचं थांबवेलच असं नाही. ४के पडद्यावर १९२० × १०८० चा सिग्नल दिला तर प्रत्येक ठिपक्याला बरोबर दोन बाय दोन चौकटी मिळू शकतात, मिसळायची काहीच गरज नसते. तरीही पुष्कळ मॉनिटर तिथेही मिसळतात, कारण त्यांची चाळणी एकच आणि ती सगळ्या सिग्नलांना सारखीच लागते. शिवाय १४४ हर्ट्झचे कित्येक मॉनिटर असे जुने सिग्नल फक्त ६० हर्ट्झवरच घेतात.

दुसरा पर्याय ग्राफिक्स कार्ड. इथे कार्ड आधीच चित्र मोठं करून मॉनिटरला त्याच्या मूळ मापाचा, म्हणजे १९२० × १०८० चा सिग्नल देतं. मॉनिटरला ताणायला काही उरतच नाही. प्रमाण राखायचं, पडदा भरायचा की मोठं न करता मधोमध ठेवायचं, हे तुम्ही ड्रायव्हरमध्ये ठरवता आणि कुठलाही मॉनिटर लावला तरी ते तसंच राहतं. पात्रं फुगण्याचा प्रश्न इथे कायमचा सुटतो. धूसरपणा मात्र सुटत नाही, कारण नेहमीच्या पद्धतीत कार्डही रंग मिसळतंच.

तिसरा पर्याय म्हणजे इंटिजर स्केलिंग. हेही कार्डच करतं, पण एका अटीवर: पट पूर्णांकातच घ्यायची. दोनपट, तीनपट, चारपट, सव्वादोन नाही. प्रत्येक ठिपक्याचा सारख्या मापाचा चौकोन होतो, रंग कुठेच मिसळत नाही आणि उरलेली जागा काळी राहते. खेळणाऱ्यांची ही मागणी फार वर्षांपासूनची होती. ती २०१९ साली एकाच वर्षात तिन्ही मोठ्या कंपन्यांनी मान्य केली. इंटेलने आपल्या अकराव्या पिढीच्या ग्राफिक्ससोबत, एनव्हिडियाने ऑगस्टच्या ड्रायव्हरमध्ये आणि एएमडीने डिसेंबरमध्ये. एनव्हिडियाने ती फक्त ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांना दिली, म्हणजे जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे. जीटीएक्स १० मालिकेचं कार्ड असेल तर तो पर्याय यादीत दिसणारच नाही. शोधत बसू नका.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये `Adjust desktop size and position` या पानावर `Integer scaling` निवडायचं, `Perform scaling on` समोर `GPU` ठेवायचं आणि `Override the scaling mode set by games and programs` वर खूण करायची. ही शेवटची खूण महत्त्वाची आहे, कारण जुने खेळ कधी कधी स्वतःच ‘मला ताणून दाखव’ असं विंडोजला सांगतात आणि तुमची निवड बाजूला पडते. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर `GPU Scaling` आणि `Integer Scaling` अशी दोन बटणं असतात.

आता ‘डायब्लो २’ कडे परत येऊ. १०८० ओळींच्या पडद्यावर ४८० ओळी पूर्णांकात जास्तीत जास्त दोनदा मावतात. चित्र होतं १२८० × ९६०. वर-खाली साठ-साठ ओळी काळ्या राहतात आणि डावी-उजवीकडे तीनशे वीस-तीनशे वीस ठिपके. पडद्याचा सुमारे साठ टक्के भागच वापरात येतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही काळी चौकट खटकते. पण माप काढून पाहा. २४ इंची मॉनिटरवर हे चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेसतरा इंचांच्या जवळपास भरतं. खेळ आला तेव्हा घराघरांत आणि सायबर कॅफेत जे सतरा इंची नळीचे मॉनिटर होते, त्यांची प्रत्यक्ष दिसणारी काच सोळा इंचांच्या आसपास असायची. म्हणजे काळ्या पट्ट्यांसकटही आज तुम्ही तो खेळ मूळच्यापेक्षा मोठाच पाहता. काही मिनिटांत डोळा सरावतो, आणि मग वस्तूंच्या नावांची अक्षरं कशी कोरल्यासारखी उठून दिसतात ते लक्षात येतं.

विस्तारित आवृत्तीतलं ८०० × ६०० निवडलं की याच मॉनिटरवर सगळं गणित फिसकटतं. १०८० भागिले ६०० म्हणजे १.८. पूर्णांकाची अट घातली तर एकपटच मिळते, आणि चित्र पडद्याच्या पाव भागाहूनही लहान होऊन मधोमध बसतं. अनेकांना वाटतं इंटिजर स्केलिंग बिघडलंय. ते बिघडलेलं नसतं, ते सांगितल्याप्रमाणेच वागत असतं. इथे खेळणाऱ्याला निवड करावी लागते. ८०० × ६०० मध्ये आजूबाजूचा मुलूख जास्त दिसतो आणि राक्षस लवकर नजरेत येतात, म्हणून बरेच खेळाडू ६४० × ४८० ला परत जायला तयार नसतात. त्यांनी इंटिजरचा हट्ट सोडावा आणि कार्डाकडून प्रमाण राखून ताणून घ्यावं; चित्र १४४० × १०८० होईल, थोडं मऊ दिसेल, पण आकार बिघडणार नाही. माझं मत विचाराल तर १०८० च्या पडद्यावर मी ६४० × ४८० आणि दोनपट हीच जोडी घेईन. या खेळाची चित्रं ज्या मापासाठी घडवली होती ते माप हेच आहे.

१४४० ओळींचा, म्हणजे २५६० × १४४० चा मॉनिटर असेल तर मात्र असा पेच पडतच नाही. ४८० ची बरोबर तीनपट १४४० होते, त्यामुळे ६४० × ४८० चं चित्र वरपासून खालपर्यंत काठोकाठ भरतं आणि काळं फक्त दोन बाजूंना राहतं. ८०० × ६०० दोनपट होऊन १६०० × १२०० वर बसतं, वर-खाली एकशे वीस-एकशे वीस ओळी सोडून. जुने खेळ मनापासून खेळणारा कोणी मॉनिटर घ्यायला निघाला असेल तर मी त्याला हेच माप सुचवेन. ४के पडद्यावर पट मोठी होत जाते, ४८० ची चारपट आणि ६०० ची तीनपट, त्यामुळे तिथेही काम भागतं. याउलट १३६६ × ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर ४८० ओळी एकदाच मावतात. तिथे इंटिजर स्केलिंगचा उपयोग नाही.

आता, सगळं नीट लावूनही काही फरक पडला नाही, तर काय करायचं? सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, आणि कारण शोधायला एक सोपी परीक्षा आहे. ड्रायव्हरमध्ये `Perform scaling on` तात्पुरतं `Display` वर न्या आणि खेळ पूर्ण पडद्यावर सुरू करा. मग मॉनिटरच्याच बटणांनी त्याचा मेनू उघडा आणि माहितीचं पान पाहा. तिथे मॉनिटरला प्रत्यक्ष कोणता सिग्नल येतोय ते लिहिलेलं असतं. ६४० × ४८० दिसलं तर खेळ खरोखर पडद्याचा मोड बदलतोय, आणि ड्रायव्हरची सेटिंग त्याला लागू होईल. पुन्हा `GPU` करा, इंटिजर निवडा, काम होईल. पण तिथे १९२० × १०८० च दिसलं, तर खेळ मोड बदलतच नाहीये. तो किंवा विंडोज आपल्या आपणच चित्र मोठं करून पूर्ण मापाचं पुढे देतंय, आणि ड्रायव्हरला मोठं करायला काही शिल्लकच नाही. मग ड्रायव्हरमध्ये कितीही बटणं दाबा, फरक पडणार नाही. नव्या धाटणीचे ‘बिनचौकटीचे’ पूर्ण पडदे असेच असतात, आणि जुन्या खेळांनाही आजच्या विंडोजवर कधी कधी असंच चालवलं जातं.

हीच परीक्षा स्क्रीनशॉटने होत नाही. अशा खेळात घेतलेला स्क्रीनशॉट हा मोठं करण्याच्या आधीचा असतो, त्यामुळे तो नेहमी स्वच्छच दिसतो, पडद्यावर कितीही धूसर असलं तरी. पडद्याचीच तपासणी करायची तर फोनचा कॅमेरा काचेच्या अगदी जवळ नेऊन एखाद्या अक्षराचा फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. इंटिजर स्केलिंग चालू असेल तर अक्षराच्या प्रत्येक पायरीचा चौकोन सारखा आणि कडा एका रंगातून थेट दुसऱ्या रंगात गेलेली दिसेल. कडेला मधल्या छटेचा पट्टा असेल तर रंग मिसळले जातायत. काही चौकोन दोन ठिपक्यांचे आणि काही तीनचे असतील तर अपूर्णांकाची पट वापरली जातेय.

लॅपटॉपवर आणखी एक अडचण येते. एनव्हिडियाचं कार्ड असूनही तिच्या कंट्रोल पॅनलमध्ये डिस्प्लेचा विभागच नसतो. अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडद्याची तार प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हिडियाचं कार्ड चित्र तयार करून त्यांच्या हाती देतं. मग मोठं करण्याचं काम त्या आतल्या ग्राफिक्सकडे येतं आणि सेटिंगही त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये शोधावी लागते.

खेळ मोड बदलत नसेल किंवा कार्ड जुनं असेल, तर उपाय खेळाच्याच फोल्डरमध्ये करता येतो. नव्वदच्या दशकातले आणि २००० च्या सुमाराचे बरेच द्विमितीय खेळ विंडोजच्या डायरेक्टड्रॉ या व्यवस्थेतून चित्र काढायचे. `cnc-ddraw` हे मोफत साधन त्या व्यवस्थेच्या जागी बसतं. त्याची `ddraw.dll` फाइल खेळाच्या `.exe` शेजारी ठेवायची आणि सोबतच्या `ddraw.ini` मध्ये या तीन ओळी अशा करायच्या:

```
fullscreen=true
maintas=true
boxing=true
```

पहिली ओळ चित्र पूर्ण पडद्यावर नेते, दुसरी प्रमाण राखते आणि तिसरी पूर्णांकाची अट घालते. आता मोठं करण्याचं काम ड्रायव्हरकडे न जाता या साधनाकडेच राहतं, त्यामुळे ट्युरिंगच्या आधीच्या कार्डावरही पूर्णांकाची पट मिळते. ‘डायब्लो २’ मध्ये यासाठी खेळाच्या व्हिडिओ चाचणीतून डायरेक्टड्रॉ निवडलेलं असायला हवं. डायरेक्ट३डी किंवा ग्लाइड निवडलं असेल तर ही फाइल कामी येणार नाही.

डॉसच्या काळात गेलात की पूर्णांकाचा नियम आंधळेपणाने पाळणं चूक ठरतं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ची डॉस आवृत्ती १९९० ची, आणि ती ३२० × २०० ठिपक्यांत चालते. भागून पाहा: ३२० ला २०० ने भागलं तर १.६ येतं. पण तेव्हाचे मॉनिटर ४:३ चे, म्हणजे १.३३ चे होते आणि चित्र त्यांच्या काचेवर काठोकाठ पसरायचं. याचा अर्थ त्या काळी एक ठिपका चौकोनी नव्हता, रुंदीपेक्षा उंचीला एक पंचमांश जास्त होता. चित्रकारांनी पात्रं तो उंच ठिपका डोळ्यांसमोर ठेवून काढली. आज ती प्रत्येक ठिपक्याला पाच बाय पाच चौकटी देऊन मोठी केली तर कडा अगदी स्वच्छ येतील, पण चित्र १६०० × १००० होईल आणि राजपुत्र बुटका दिसेल. स्वच्छ पण चुकीचं चित्र मला धूसर चित्रापेक्षा जास्त खटकतं, कारण धूसरपणा निदान लक्षात तरी येतो.

बरोबर करायचं तर आडवी पट आणि उभी पट वेगवेगळी घ्यावी लागते: आडवी पाच, उभी सहा. ३२० ची पाचपट १६००, २०० ची सहापट १२००, आणि १६०० × १२०० म्हणजे तंतोतंत ४:३. दोन्ही पट पूर्णांक, त्यामुळे रंग कुठेच मिसळत नाही आणि राजपुत्राची उंचीही खरी. हे चित्र १४४० ओळींच्या मॉनिटरवर सहज मावतं. त्या मापाची शिफारस करण्याचं दुसरं कारण हेच. १०८० वर ते मावत नाही. तिथे उभी पाचपट घेऊन १००० ओळी होतात आणि त्या उंचीला रुंदी १३३३ हवी, म्हणजे आडवी पट चार आणि वर थोडासा अपूर्णांक. ही तडजोड चालण्यासारखी आहे. उभ्या दिशेने कडा कोरीव राहतात, आडव्या दिशेने फक्त ठिपक्यांच्या सीमेवर एखाद्या चौकटीपुरता रंग मिसळतो, आणि नेहमीच्या अंतरावरून तो जाणवत नाही.

डॉसचे खेळ आपण डॉसबॉक्समधून चालवतो, आणि तो सहसा पडद्याचा मोड न बदलता स्वतःच चित्र मोठं करतो. म्हणून इथे ड्रायव्हरमधलं इंटिजर स्केलिंग चालू असलं काय किंवा बंद असलं काय, काहीच बदलत नाही. निर्णय डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्येच घ्यायचा. डॉसबॉक्स स्टेजिंग या आवृत्तीत `[render]` विभागात ही ओळ घाला:

```
integer_scaling = vertical
```

`vertical` म्हणजे ओळींची पट पूर्णांकात ठेवायची आणि रुंदी मूळच्या प्रमाणातून काढायची. याच ओळीने खेळाची उंची पूर्णांकाच्या पटीत राहते आणि रुंदी आपसूक त्या प्रमाणात येऊन थांबते.